सर्व्हरचा शनिवार, आमचा रविवार

मी छत्तीस वर्षं रेल्वेत होतो. शेवटची अकरा वर्षं पुणे-लोणावळा मार्गावरच्या एका लहान स्टेशनावर स्टेशन मास्तर. त्यामुळे वेळ हा विषय आपला आहे, असं मी निवृत्तीनंतरही धरून चाललो होतो. घरात कुणी 'साधारण नऊला' म्हणालं की मी 'नऊ म्हणजे नऊ-शून्य-शून्य का?' असं विचारत असे. बायको कणीक मळत राही. एकवीस-शून्य-शून्य म्हणजे रात्रीचे नऊ, हे शेजाऱ्यांना समजावून सांगण्यात मला आनंद वाटे. शेजाऱ्यांना तो आनंद वाटत होता असं आठवत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे झालं त्याला मी जबाबदार होतो, आणि तो माझ्याच विषयातला गुन्हा होता.

सुरुवात बायकोच्या भाचीपासून झाली. भाची म्हणजे तिच्या कार्ल्याच्या भावाची मुलगी. शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथून अमेरिकेत गेली. पूर्व किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावात राहते. ती फोनवर एक गेम खेळायची. शेती करायची, गुरं पाळायची, पीक काढायचं, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून जत्रेला गाड्या न्यायच्या. तुळशीचं लग्न उरकल्यावर एकदा तिने आत्याला, म्हणजे माझ्या बायकोला, तो गेम घ्यायला लावला. मग बापालाही. बाप खरा शेतकरी. भात लावतो, दोन गाई आहेत, आणि लेण्यांच्या रस्त्यावर सरबत-काकडीची टपरी आहे.

"पोरगी म्हनली म्हनून घेतलं," तो मला म्हणाला. "दाजी, हितं खरं तण उपटून कंबार मोडली, आन फोनात पुन्ना शेतीच?"

पण घेतला. फोनात त्याने पहिल्याच आठवड्यात कांदा लावला आणि भाव पाडला म्हणून गेमला शिव्या घातल्या.

अशा खेळणाऱ्यांच्या टोळीला गिल्ड म्हणतात. भाचीने आमची गिल्ड काढली आणि तिचं नाव ठेवलं 'कार्ले फाटा'. तिच्या ऑफिसातले चार-पाच, तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी, माझी बायको, मेव्हणा, आणि नंतर मी. मी खेळायला आलो नव्हतो. मी वेळापत्रक सांभाळायला आलो होतो.

कारण या गेममध्ये सगळं सर्व्हरच्या वेळेवर चालतं. गेम चालवणारा संगणक अमेरिकेत, भाचीच्याच भागातल्या घड्याळावर. तिथे रात्रीचे बारा वाजले की दिवस बदलतो. त्याला रिसेट म्हणतात. कालची कामं बंद, आजची सुरू, आणि रोजची एक भेट असते ती पुन्हा घेता येते. बायकोला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तिथले बारा म्हणजे आपले किती?" आणि हा प्रश्न माझ्या घरात विचारला गेला, हे मी माझं भाग्य समजलो.

गेमच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात सर्व्हरचं घड्याळ बारीक अक्षरांत दिसतं. मी ते पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं, वजाबाकी केली. साडेदहा तासांचा फरक. आपण पुढे. म्हणजे तिथले मध्यरात्रीचे बारा म्हणजे आपले सकाळचे साडेदहा. मी फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला, फ्रिजवर लावला, आणि खाली सही केली. सही करायची गरज नव्हती.

त्यानंतर मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कधी पाहिलं नाही. तक्ता होता ना.

पहिली चूक दोनच आठवड्यांत झाली. जत्रेची सूचना आली: शनिवार, २१:००, सर्व्हर टाइम. एकवीसमध्ये साडेदहा मिळवले, साडेएकतीस. त्यातून चोवीस वजा. साडेसात. मी जाहीर केलं, "शनिवारी सकाळी साडेसात." शनिवारी सकाळी सातलाच मेव्हण्याचा फोन आला, दूध घालून आलोय, काय करायचं. बायकोने पोहे गॅसवरून उतरवून ठेवले. साडेसात वाजले. मैदान रिकामं. जत्रेचं फाटक बंद. पावणेआठला मी म्हणालो, "पुढे ढकललेली दिसते."

मग गिल्डच्या चॅटमध्ये भाचीचा मेसेज आला. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. तिने लिहिलं होतं, "मामा, आज इथे शुक्रवार आहे. मी जेवायला बाहेर आलेय."

साडेएकतीसमधून चोवीस वजा केले तेव्हा एक दिवस हातचा आला होता. तो मी सोडून दिला. मध्यरात्र ओलांडणाऱ्या किती गाड्यांची नोंद मी आयुष्यभर केली असेल, आणि एकाही गाडीचा दिवस चुकला नव्हता. सर्व्हरचा शनिवार म्हणजे आमचा रविवार. मी तक्त्यात शनिवार खोडून वर रविवार लिहिला. खोडल्याच्या ठिकाणी पुन्हा सही केली.

"पोहे निवले," बायको एवढंच म्हणाली.

त्यानंतर हिवाळाभर गाडी रुळावर होती. दर रविवारी सकाळी साडेसातला जत्रा. एक तास चालायची. पहिल्या पंधरा मिनिटांत आत गेलं नाही तर फाटक बंद. आत गेल्यावर प्रत्येकाने आपली गाडी माल भरून उभी करायची, आणि दर काही मिनिटांनी ती पुढे हलवायची. जितक्या गाड्या, तितके गुण; समोर दुसरी एखादी गिल्ड, जिचे गुण जास्त ती जिंकली. साडेआठला जत्रा संपायची, निकाल. मेव्हणा दूध घालून सव्वासातला घरी यायचा, चहा घेऊन ओट्यावर बसायचा. आमच्याकडे बायको स्वयंपाकघरात. भाची तिकडे शनिवारच्या रात्रीच्या नऊला, जेवण करून.

मेव्हण्याला गुणांशी देणंघेणं नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. तो आपली गाडी नेहमी भाचीच्या गाडीच्या मागे लावायचा. तिची गाडी हलली की आपली हलवायचा. तिने चॅटमध्ये लिहायचं, "आप्पा, मागून धक्का देऊ नका." तो उत्तर म्हणून बैलाचं चित्र पाठवायचा. टाइप करणं त्याला जमत नसे. एरवी त्यांचा फोन महिन्यातून दोनदा. 'जेवली का', 'थंडी हाय का', 'बरं ठिवतो' एवढ्यात संपणारा. रविवारी मात्र तो तासभर तिच्या मागे उभा असायचा.

आणि बायकोची हजेरी चालू होती. रोज एकदा गेम उघडला की त्या दिवसाची हजेरी लागते. एकही दिवस चुकवायचा नाही. सलग एकशे वीस दिवस झाले की एक खास बक्षीस मिळतं. या वेळचं बक्षीस होतं पांढरंशुभ्र वासरू, गळ्यात घंटा. विकत मिळत नाही. फक्त हजेरीवर.

तिने वासराबद्दल माझ्याजवळ कधी काही बोलून दाखवलं नाही. पण एकदा फोनवर भावाला सांगताना मी ऐकलं: "त्याला पोरीच्या शेतात ठेवणार मी. भेट म्हणून पाठवता येतं."

वेळ मीच ठरवून दिली होती. बायको दहाला बाजारपेठेतल्या चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जाते, रविवारसुद्धा, रविवारी तर जास्तच. तेव्हा मी म्हटलं, "साडेदहाला दिवस संपतो. तू पावणेदहाला उघडत जा. स्वयंपाक झालेला असतो, आणि पाऊण तासाची सूट हाताशी राहते." सूट ठेवणं हे रेल्वेत आम्हाला रक्तात भिनवलेलं. ती रोज पावणेदहाला उघडायची. घड्याळ लावून घ्यावं अशी. एकशे सतरा दिवस.

मार्चमधल्या एका सोमवारी पावणेदहाला तिने फोन उघडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी पेपर वाचत होतो.

"अहो, हे एक का दाखवतंय?"

"एकशे अठरा असेल. नीट बघ."

"एक आहे. नुसता एक."

मी चष्मा लावून पाहिलं. हजेरी: दिवस १. खाली वासराचं चित्र, राखाडी, कुलूप लावलेलं, आणि शेजारी '१२० पैकी १'.

"काल उघडलं नव्हतंस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. काल सकाळी जत्रेला ती होती, आणि पावणेदहालाही तिने उघडलं होतं. मी समोर होतो. चहा पीत होतो.

"गेमची चूक आहे," मी म्हणालो. "मी बघतो."

ती दहाला दुकानात गेली. मी बसलो पत्र लिहायला. गेममध्ये तक्रार करायची एक जागा असते. तिथे मी इंग्रजीत लिहिलं. रेल्वेत असताना मी विभागीय कार्यालयाला जशी पत्रं लिहायचो तसंच. विषय, संदर्भ, मग 'खाली सही करणारा असे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की'. रोज भारतीय वेळेनुसार नऊ पंचेचाळीसला हजेरी लावली जात होती, रिसेट दहा तीसला आहे, सबब खंड पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हजेरी पूर्ववत करावी. पाच मुद्दे. शेवटी सही, आणि पद: सेवानिवृत्त स्टेशन मास्तर.

उत्तर चार मिनिटांत आलं. इतक्या तत्परतेने मला आयुष्यात कुठल्या कार्यालयाने उत्तर दिलं नव्हतं. कुण्या माणसाने लिहिलं नसावं. 'आमचा खेळ खेळल्याबद्दल आभार. सर्व नोंदी सर्व्हरच्या वेळेनुसार होतात. वेळ बदलाची सूचना आपल्या गेममधील टपालपेटीत पाठवली आहे.' आणि एक हसरा चेहरा.

टपालपेटी उघडली. वरच लाल ठिपका होता. सूचना पाच दिवसांपूर्वीची. आम्ही दोघांनीही ती उघडली नव्हती, कारण त्या पेटीत बहुतेक वेळा भोपळ्यावर सवलत असते.

संध्याकाळी बायको आली तेव्हा भाचीला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती, ती ऑफिसात होती. स्पीकरवर टाकला.

"अगं आई गं," ती म्हणाली. "आत्या, माझ्या लक्षातच नाही आलं. आमची घड्याळं काल एक तास पुढे गेली."

"कुणाची?" मी विचारलं.

"सगळ्यांची. उन्हाळा जवळ आला की इथे घड्याळं एक तास पुढे करतात. मार्चमध्ये पुढे, नोव्हेंबरमध्ये मागे."

"सगळ्या देशाची?"

"जवळजवळ. रविवारी पहाटे दोन वाजले की एकदम तीन वाजतात. फोन आपोआप बदलतो, आपल्याला काही करावं लागत नाही. म्हणून तर मी विसरले."

मग मला सुचला तोच प्रश्न विचारला. "मग त्या वेळी जी गाडी रुळावर असते तिचं काय?"

"मामा, ते मला नाही माहीत."

"दोन वाजून दहा मिनिटांनी सुटायची असेल तर? दोन-दहा वाजणारच नाहीत."

"मामा, खरंच नाही माहीत."

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "म्हणजे आता तिथले बारा आपले किती वाजता?"

"साडेनऊ, आत्या. नोव्हेंबरपर्यंत साडेनऊ."

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला. आता मागे जाऊन सगळं जुळत होतं. रविवारी आमच्याकडे दुपारचे साडेबारा वाजले होते, बायको दुकानात चिक्कीचे डबे बांधत होती, मी सकाळची भाजी गरम करत होतो, आणि तिकडे पहाटे दोनला एक तास नाहीसा झाला. तो रविवार तेवीस तासांचा होता. आमच्या रविवारी सकाळी साडेदहाला सुरू झाला आणि सोमवारी साडेनऊलाच संपला. बायकोने रविवारी पावणेदहाला उघडलं तेव्हा सर्व्हरवर अजून शनिवार होता. सोमवारी पावणेदहाला उघडलं तेव्हा सोमवार लागून पंधरा मिनिटं झाली होती. मधला रविवार तिच्या हातून निसटला. सकाळी नऊला उघडलं असतं तरी हजेरी वाचली असती. अकराला उघडत असती तरी वाचली असती. दिवसाच्या सगळ्या वेळांमधून मी तिला नेमकी अशी वेळ काढून दिली होती, जी मार्चमध्ये चुकणारच होती. आणि पाऊण तासाची सूट ठेवून.

"मी नवीन तक्ता करतो," मी म्हणालो. "उन्हाळी आणि हिवाळी, दोन रकाने. हिवाळ्यात साडेदहाच्या आत, उन्हाळ्यात साडेनऊच्या आत..."

"अकराला दुकानात चहा येतो," ती म्हणाली.

"त्याचं काय?"

"चहा आला की उघडीन. उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. तेव्हा तिकडचा दिवस लागून गेलेला असतो ना?"

मी मनात हिशेब केला. उन्हाळ्यात तिकडे दीड वाजलेला असेल, हिवाळ्यात साडेबारा. दोन्ही वेळा नवाच दिवस. बरोबर होतं. तक्ता लागणारच नव्हता.

ती भाजी चिरायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस ती माझ्याशी अगदी व्यवस्थित बोलत होती, पाहुण्याशी बोलावं तसं.

बुधवारी माझ्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला. रिसेट सरकला तर जत्राही सरकणार. शनिवार एकवीस-शून्य-शून्य म्हणजे आता रविवारी सकाळी साडेसहा. बायकोला काही अडचण नव्हती. मेव्हण्याला फोन केला.

"साडेसा?" तो म्हणाला. "दाजी, त्या टायमाला मी डेअरीत आस्तो. रांग आस्ती. सातला टेंपो भरून निघतोय."

"मग लवकर जा. सहाला घालून ये."

"सव्वासाच्या आत सेंटर उघडत न्हाई. आन गाईला कोन सांगनार तिकडं तास सरला म्हनून? तिची धार तिच्या टायमालाच."

"वहिनींना पाठव डेअरीत."

"ती दुसऱ्या गाईपाशी आस्ती. गुडघं धरल्यात तिचं, क्यान उचलून न्हाई चालायची ती." मग म्हणाला, "जाऊ द्या. न्हाई जमनार म्हना पोरीला. नोव्हेंबरात बघू."

नोव्हेंबर आठ महिने दूर होता. मी फोन ठेवला. बायकोने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी जाऊन काय करू?"

"कॅन धरून रांगेत उभं राहता येतं ना?"

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं कार्ल्याला गेलो. रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी आणि मेव्हणा दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्रावर. वहिनींनी पहिली धार लवकर काढायचा प्रयत्न केला होता. गाईने लाथ मारून आपलं मत सांगितलं होतं. बायको घरी, वहिनींशेजारी गोठ्याच्या दारात, आपला फोन घेऊन. रेंज तिथेच येत होती.

केंद्रावर पंधरा-वीस माणसं पुढे. साडेसहाला मेव्हण्याने कॅन माझ्या हातात दिला, धोतराला हात पुसले आणि खांबाला टेकून फोन काढला. मी रांगेत. दुधाची फॅट मोजणाऱ्याने माझ्या स्वच्छ पँटकडे आणि बुटांकडे पाहिलं.

"आबा, तुमी कोन? दूद कुनाचं?"

"यांचं. मी यांचा दाजी."

"मंग ते काय करत्यात?"

"जत्रेत आहेत," म्हणालो.

मागच्या माणसाने मान काढून पाहिलं. मग आणखी एकाने. दहा मिनिटांत मेव्हण्याभोवती सहा-सात जण उभे होते, प्रत्येकाच्या हातात रिकामा किंवा भरलेला कॅन. "बैल कुटं हाय?" "आरं त्यो पांढरा." "फुडं घ्या की!" "थांबा, पोरीची गाडी हलू द्या," मेव्हणा म्हणाला. "ती पयली."

"कोन पोरगी?"

"माजी. अमेरिकेत."

"ती पन हितंच हाय?"

"व्हय. ही काय." त्याने बोटाने तिची गाडी दाखवली. निळी, भोपळे भरलेली. सगळे वाकून बघायला लागले.

माझा नंबर आला. दूध मोजलं, पावती घेतली, रिकामा कॅन घेऊन बाजूला झालो. टेंपो निघाला तरी चार जण निघेनात.

त्या दिवशी आमच्यासमोर जी गिल्ड होती ती आम्हाला दर वेळी हरवायची. नावावरून बेळगावकडची वाटायची. बारा-पंधरा जण, सगळे शिस्तीत. त्या दिवशी मात्र त्यांच्या चारच गाड्या. फाटक बंद झालं तरी चारच. आम्ही हळूहळू पुढे गेलो, मग बरेच पुढे गेलो. साडेसातला निकाल: कार्ले फाटा, विजयी. बायकोचा घरून फोन आला, पहिल्यांदाच त्या आठवड्यात तिच्या आवाजात जीव होता. "अहो, जिंकलो! पाहिलंत का?"

आणि नेमकं तेव्हाच, साडेसात वाजून एक मिनिटाने, रिकाम्या मैदानात एकेक गाडी यायला लागली. बेळगावकडची. एक, दोन, पाच, नऊ. फाटक बंद, दिवे गेलेले, आणि बाहेर नऊ गाड्या भरून उभ्या. सामायिक चॅटमध्ये कुणीतरी मराठीत लिहिलं, "जत्रा पुढे ढकलली का?"

मी त्या माणसाला लगेच ओळखलं. म्हणजे कधी पाहिलेला नव्हता, पण त्याच्या घरात फ्रिजवर काय लावलेलं असणार हे मला दिसत होतं.

मी मेव्हण्याच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं: "अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे गेलं आहे. नोव्हेंबरपर्यंत जत्रा आपल्या सकाळी साडेसहाला आणि रिसेट साडेनऊला. हजेरी सांभाळा. ज्यांनी मागच्या रविवारची चुकवली त्यांची गेली असेल." मग एकाने लिहिलं, "गेली. नव्वद दिवस होते." त्याखाली दुसऱ्याने, "माझीही."

घरी आल्यावर बायकोने ते वाचलं.

"तुम्ही त्यांना कशाला सांगितलंत?"

"चुकीच्या वेळेला स्टेशनावर आलेल्या माणसाला सांगावं लागतं."

"पुढच्या रविवारी हरवतील आपल्याला."

हरवलं. सगळे पंधरा जण साडेसहाला बरोबर हजर होते, आणि आमचा धुव्वा उडाला. मेव्हणा त्या रविवारीही केंद्रावर होता, पण त्याला मी लागलो नाही. मागच्या आठवड्यात जे जमले होते त्यांच्यापैकी एकाने त्याचा कॅन आपणहून धरला. रांगेतल्या तिघांनी फोनात गेम घेतलाय असं कळलं. भाचीने त्यांना गिल्डमध्ये घेतलं, आता त्यांना तिकडची वेळ कोण सांगणार हा प्रश्न होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी हायेत की, पन एकदा पोरीला इचारून घ्या."

बायकोची हजेरी आता चहाला लागते. दुकानात पोरींनी तिला विचारलं, मावशी, रोज अकराला काय बघता, तर ती म्हणाली, वासरू. अजून राखाडीच आहे, पण दिवस साठच्या पुढे गेलेत. मी हल्ली वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघतो. बारीक आहे, चष्मा लागतो.

बेळगावच्या त्या माणसाचा मध्येच एकदा मेसेज आला. सर म्हणून लिहितो मला. नोव्हेंबरमध्ये उलटं होतं तेव्हा हजेरी पुन्हा तुटेल का, असं विचारत होता. मी कागद घेतला, दोनदा हिशेब केला. तो दिवस पंचवीस तासांचा, त्यामुळे रोज एकाच वेळेला उघडणाऱ्याची हजेरी तुटायची नाही. फार तर एके सकाळी 'आजची भेट घेतलेली आहे' असं दिसेल. तरी लगेच कळवलं नाही. आधी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, मामा."

मग कळवलं.